तीन पिढ्यांचा हॉल : मांडणी आजोबांच्या खुर्चीपासून सुरू करा

हॉल लावायला घेतला की बहुतेक घरांत पहिला प्रश्न टीव्हीचा असतो. टीव्हीची भिंत ठरते, समोर सोफा येतो, सोफ्यासमोर टीपॉय येतो. मग उरलेल्या कोपऱ्यात आजोबांना एक खुर्ची मिळते आणि मुलांना जिथे जागा सापडेल तिथे पसारा. चौकोनी कुटुंबात हे चालून जातं. पण एकाच हॉलमध्ये अठ्ठ्याहत्तरीचे आजोबा, दिवसभर दमून आलेले आई-बाबा आणि तीन वर्षांचं धावतं मूल असेल, तर हाच क्रम त्रास देतो. सोफा आणि टीव्ही कुठेही हलवता येतात. ज्याला उठायला-चालायला कष्ट पडतात त्याची खुर्ची आणि तिथून बाथरूमपर्यंतची वाट मात्र मनाला येईल तिथे ढकलता येत नाही. म्हणून आधी ती ठरवायची आणि बाकीचं सगळं तिच्याभोवती बसवायचं.

या लेखात एकच हॉल घेऊ आणि तो सुरुवातीपासून लावत जाऊ. हॉल १८ फूट लांब, १२ फूट रुंद. घरात आजोबा (कानाने थोडे कमी, हातात काठी), आजी (गुडघे दुखतात, उंची कमी), आई-बाबा, अकरा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. चार भिंतींना सोयीसाठी नावं देऊ. एका आखूड भिंतीत घराचं मुख्य दार आहे, ती दाराची भिंत. समोरची आखूड भिंत खिडकीची. एका लांब भिंतीत, दारापासून ११ फुटांवर, आतल्या खोल्यांकडे आणि बाथरूमकडे जाणारा पॅसेज उघडतो, ती पॅसेजची भिंत. चौथी भिंत कोरी. मुख्य दार पॅसेजच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात आहे.

आत्ताची मांडणी नेहमीचीच. टीव्ही पॅसेजच्या भिंतीवर, सोफा समोर कोऱ्या भिंतीला टेकलेला, मध्ये काचेचा टीपॉय. आजोबांची खुर्ची कोरी भिंत आणि दाराची भिंत मिळतात त्या कोपऱ्यात. म्हणजे आजोबांना बाथरूमला जायचं तर सगळा हॉल तिरका ओलांडून, टीपॉयला वळसा घालून, टीव्हीच्या आडवं जात सोळा फूट चालायचं. संध्याकाळी त्या वाटेत नातवाच्या गाड्या असतात.

पहिली पायरी : हलवण्याआधी बघा

चार-पाच दिवस काहीच हलवू नका. एका कागदावर सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे चार रकाने करा आणि प्रत्येक वेळी कोण कुठे बसतं, काय करतं आणि तिथून उठून कुठे जातं एवढंच लिहा. कुणाला विचारू नका, फक्त बघा. ज्येष्ठांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "मला काही अडचण नाही, तुम्ही तुमचं बघा."

बघताना उठण्याच्या क्षणाकडे खास लक्ष द्या. आजोबा उठण्याआधी दोन-तीनदा पुढे-मागे झोका घेतात का? टीपॉयवर हात टेकवतात का? कुणी आलं की "जरा हात दे रे" म्हणतात का? दुपारी तहान लागली तरी कुणी उठेपर्यंत थांबतात का? यातलं काही दिसलं तर खुर्ची चुकीची आहे असं समजा. वय आहेच, पण अवघड उठणं बऱ्याचदा खुर्चीमुळे अधिक अवघड होतं.

आमच्या या कुटुंबाच्या कागदावर दोन गोष्टी उठून दिसल्या. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात सहाही जण हॉलमध्ये असतात आणि चौघांची कामं एकमेकांच्या आड येतात. आजोबांच्या बातम्या, मुलीचा अभ्यास, धाकट्याची धावपळ आणि आईचा फोन. दुसरं म्हणजे आजी दुपारी हॉलमध्ये बसतच नाहीत, आतल्या पलंगावर असतात. हॉलमध्ये त्यांना उठता येईल अशी जागाच नाही, हे कागद बघेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरी पायरी : खुर्ची बसणाऱ्याच्या मापाची

ज्येष्ठांच्या खुर्चीत तीन मापं महत्त्वाची: बैठकीची उंची, बैठकीची खोली आणि हात.

उंचीचं माप माणसाच्या पायावरून काढायचं. घरात वापरतात त्या चपला घालून आजोबांना उभं करा आणि गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. बैठक या मापाइतकी किंवा त्याहून इंच-दीड इंच उंच हवी. म्हणजे बसल्यावर कंबर गुडघ्यापेक्षा किंचित वर राहते आणि पाय पूर्ण टेकतात. बऱ्याच मोठ्या माणसांसाठी हे माप १७ ते २० इंचांच्या दरम्यान येतं. आजोबांचं घडीपर्यंतचं माप साडेसतरा इंच आलं, तेव्हा त्यांना साधारण १९ इंचांची बैठक.

इथे एक मेख आहे. दुकानात किंवा पत्रकात सांगितलेली उंची रिकाम्या बैठकीची असते. मऊ फोमचा सोफा बसल्यावर दोन-तीन इंच सहज दबतो. कागदावर १७ इंचांचा सोफा प्रत्यक्षात १४ इंचांचा होतो, आणि १४ इंचांवरून उठणं दुखऱ्या गुडघ्यांना शिक्षा आहे. म्हणून माप घ्यायचं ते माणूस बसलेला असताना, जिथे मांडी टेकते तिथून जमिनीपर्यंत.

खोलीचं माप सोपं. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. बैठक फार खोल असेल तर माणूस पाठ टेकण्यासाठी घसरून अर्धवट आडवा होतो आणि उठताना आधी स्वतःला पुढे ओढत आणावं लागतं. खोल सोफ्यावर पाठीमागे घट्ट उशी ठेवली की हे बरंच सुधारतं.

हात बैठकीपासून सात ते नऊ इंच वर आणि पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत. उठताना माणूस हाताच्या पुढच्या टोकावर जोर देतो. टोक मागेच संपत असेल तर तो हात दिसायला असतो, उपयोगाला नसतो. खुर्चीखाली पुढच्या बाजूला मोकळी जागाही हवी, कारण उठण्याआधी पावलं मागे घ्यावी लागतात. खाली ड्रॉवर किंवा आडवी फळी असेल तर टाच अडते.

आजी-आजोबांना जोडीच्या सारख्या खुर्च्या घेण्याचा मोह होतो, फोटोतही छान दिसतात. पण आजींचं घडीपर्यंतचं माप पंधरा इंच आहे. आजोबांच्या १९ इंची खुर्चीत त्यांचे पाय लोंबकळतील, मांडीखाली कड रुतेल आणि पायांना मुंग्या येतील. त्यांना १६ ते साडेसोळा इंचांची खुर्ची लागेल. कापड एकच घ्या, उंची वेगळी ठेवा.

नवीन खुर्ची घ्यायलाच हवी असं नाही. चांगली दणकट जुनी खुर्ची असेल तर सुताराकडून चारही पायांखाली सारख्या उंचीचे, पाय आत बसतील असे खोलगट ठोकळे बसवून घेता येतात. नुसत्या विटा किंवा लाकडाचे सुटे तुकडे ठेवू नका, एका धक्क्यात पाय खाली येतो. बैठक दबत असेल तर गादीखाली प्लायवूडचा तुकडा घाला. ऑफिसात असते तशी चाकांची खुर्ची आणि झुलती खुर्ची मात्र रोजच्या बसण्यासाठी नको. उठताना जी मागे सरकते किंवा डोलते ती खुर्ची आधार देत नाही.

तिसरी पायरी : वाट आखा, मग खुर्चीची जागा

आता रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी घ्या. ती फरशीवरून नंतर डाग न पडता निघते. मुख्य दारापासून पॅसेजपर्यंत, पॅसेजच्या भिंतीलगत, तीन फूट रुंद पट्टा आखा. ही घराची मुख्य वाट. तीन फूट का? वॉकर धरून चालणारा माणूस यातून अंग न चोरता जातो, चाकाची खुर्चीही सरळ जाते. अडीच फुटांतही माणूस जातो, पण काठी घेऊन जाताना दर वेळी काहीतरी खटकतं. चाकाची खुर्ची वापरणारं कुणी असेल तर वळण्यासाठी एका ठिकाणी पाच बाय पाच फूट मोकळी जागाही लागते.

आपल्या हॉलमध्ये वाट आखल्यावर १२ फुटांपैकी ३ फूट गेले, बसण्यासाठी १८ बाय ९ फूट उरले. हॉल लहान झाला असं वाटेल. पण त्या पट्ट्यातून माणसं आधीही जातच होती, फक्त टीव्ही आणि सोफ्याच्या मधून जात होती.

आता आजोबांची खुर्ची. ती खिडकीच्या भिंतीलगत, खिडकीकडे पाठ करून, पॅसेजच्या बाजूला ठेवली. तिथून पॅसेजचं तोंड सात फुटांवर येतं आणि मध्ये काहीही नाही. सोळाचे सात फूट झाले, आणि कुठे वळसाही नाही.

खिडकीकडे पाठ करण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते कमी ऐकू येणाऱ्या माणसांच्या घरात विसरू नये असं आहे. कानाने कमी असलेली व्यक्ती नकळत ओठ आणि चेहरा वाचत असते. बोलणारा खिडकीकडे पाठ करून बसला तर त्याचा चेहरा काळा दिसतो आणि अर्धे शब्द हरवतात. आजोबांची पाठ खिडकीकडे असेल तर उजेड इतरांच्या चेहऱ्यावर पडतो. शिवाय पेपर वाचायला उजेड खांद्यावरून येतो. आणि समोर दाराची भिंत असल्यामुळे कोण आलं-गेलं हे त्यांना मान न वळवता दिसतं. हे शेवटचं सुख किती मोठं असतं ते ज्यांच्या घरी आजोबा आहेत त्यांना सांगायला नको.

आजींची खुर्ची त्यांच्या शेजारी, कोऱ्या भिंतीच्या बाजूला. दोन खुर्च्यांमध्ये दीड फुटाचं छोटं टेबल. त्याची उंची खुर्चीच्या हाताइतकी, म्हणजे वाकावं लागत नाही, आणि कडेला बारीक उंचवटा, म्हणजे चष्मा घरंगळत नाही. काठीसाठी खुर्चीच्या बाजूला एक मजबूत हुक लावा. जमिनीवर पडलेली काठी हाही वाटेतला अडथळाच.

चौथी पायरी : सोफ्याला भिंत सोडू द्या

इथे बहुतेक जण अडतात. सोफा भिंतीला टेकलेलाच असतो अशी आपली सवय. पण या हॉलमध्ये सोफा वाटेच्या कडेला, वाटेकडे पाठ करून ठेवला आहे. सात फूट लांब, तीन फूट खोल. त्याचं एक टोक दाराच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर, दुसरं टोक साडेदहा फुटांवर संपतं, म्हणजे पॅसेजच्या तोंडाच्या जरा आधी. टीव्ही आता समोर कोऱ्या भिंतीवर, सोफ्याच्या मधोमध नाही तर थोडा खिडकीच्या बाजूला सरकवलेला आणि फिरत्या ब्रॅकेटवर.

यातून तीन गोष्टी साधतात. येणारं-जाणारं माणूस टीव्हीच्या आडवं येत नाही. वाट आणि खेळाची जागा यांच्यात सोफ्याचा बांध तयार होतो. आणि मुख्य दारातून आत येताना आजोबांना सलग सात फूट सोफ्याची पाठ हाताला लागते. वयस्कर माणसं घरात चालताना सवयीने सामानाला हात लावत चालतात, ते थांबवता येत नाही. मग जे हाताला लागेल ते जड आणि न हलणारं असू द्या. सोफ्याच्या पायांखाली रबराच्या चकत्या लावा. हलकं स्टूल, प्लॅस्टिकची खुर्ची किंवा कुंडीचा स्टँड वाटेच्या कडेला नको, कारण हात त्यावरही पडणारच.

सोफ्याची उघडी पाठ सगळ्यांनाच आवडते असं नाही. पाठीमागून कुणी जात असलं की काहींना अस्वस्थ वाटतं. आठ दिवस राहून बघा, नाही रुचलं तर वाट न मोडता दुसरा मार्ग शोधा.

अंतरांचा हिशेब असा. सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांपासून टीव्ही साधारण साडेसात फूट आणि आजोबांच्या खुर्चीपासून साडेआठ फूट. ४३ इंची टीव्हीसाठी साडेपाच ते नऊ फूट हे अंतर ठीक, तेव्हा दोघंही त्यात बसतात. आजोबांना टीव्ही तिरका पडतो, म्हणून फिरतं ब्रॅकेट. टीव्हीचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांवर ठेवा. छताजवळ टांगलेला टीव्ही बघताना मान मागे टाकावी लागते, आणि त्या वयात मान दुखायला आणखी निमित्त नको.

काचेचा टीपॉय काढला. त्याच्या जागी दुसरा आणलाही नाही. सोफ्यापासून टीव्हीखालच्या अरुंद कपाटापर्यंत पावणेपाच फूट जागा उरते आणि तीच मुलांची जमीन आहे. पाहुणे आले की एकात एक बसणारी छोटी टेबलं बाहेर काढायची.

आई-बाबांबद्दल मी कमी लिहितोय असं वाटेल. खरं म्हणजे या हॉलमध्ये त्यांच्यासारखं जुळवून घेणारं दुसरं कुणी नाही. खोल, मऊ सोफा त्यांना चालतो, आवडतोही. त्यांची खरी गरज वेगळी आहे. रात्री नऊनंतर सगळे झोपले की हॉल पाच मिनिटांत आवरून त्यांना तो स्वतःचा वाटला पाहिजे. ती सोय पुढच्या पायरीत येते.

पाचवी पायरी : मुलांचा कोपरा वाटेपासून लांब, नजरेसमोर

तीन वर्षांच्या मुलाला वेगळ्या खोलीत खेळायला पाठवलं तरी तो खेळणी उचलून माणसं असतील तिथेच येतो. म्हणून त्याची जागा हॉलमध्येच, पण आजी-आजोबांच्या वाटेच्या विरुद्ध टोकाला. इथे ती दाराची भिंत आणि कोरी भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात आहे, जिथे आधी आजोबांची खुर्ची होती. आजी-आजोबांची तोंडं तिकडेच आहेत, सोफ्यावरूनही तो दिसतो.

सोफ्याचं टोक आणि दाराची भिंत यांच्यात साडेतीन फुटांची फट राहिली होती. तिथे दोन फूट उंच, तीन फूट लांब खेळण्यांचं कपाट आडवं ठेवलं, तोंड कोपऱ्याकडे, पाठ वाटेकडे. खेळणी बाहेर पडली तरी कोपऱ्यातच पडतात, वाटेत येत नाहीत. मुलगा खेळाच्या जागेतून थेट मुख्य दाराकडेही पळत नाही. कपाटात खण करण्यापेक्षा उघडे खोके ठेवा, प्रत्येक खोक्यात एकाच प्रकारची खेळणी. रात्री आवरायचं म्हणजे खोक्यात टाकायचं, बस. तीन वर्षांचा मुलगाही हे करू शकतो. आई-बाबांची ती पाच मिनिटं इथे मिळतात.

हे कपाट दाराच्या भिंतीला ब्रॅकेट आणि स्क्रूने पक्कं करा. मुलं खोक्यांचा जिना करून वर चढतात आणि त्यांच्या वजनाने कपाट पुढे झुकतं. जड वस्तू खालच्या खोक्यात. कपाटावर किंवा टीव्हीजवळ रिमोट, फोन किंवा आवडतं खेळणं ठेवू नका, वर चढायला तेवढं आमिष पुरतं. टीव्ही टेबलावर उभा असेल तर तोही भिंतीला बांधा.

जमिनीवर चटई किंवा सतरंजी घालायची तर ती पूर्ण कोपऱ्यात, तिची कड वाटेत येणार नाही अशी. खाली न घसरणारी जाळी घाला. छोटे सुटे गालिचे आजी-आजोबांच्या वाटेत अजिबात नकोत, मग ते कितीही सुंदर असोत. पाऊल न उचलता सरकवत चालणाऱ्या माणसाच्या पायाला अर्धा इंच उचललेली कड पुरते.

अकरा वर्षांच्या मुलीचा अभ्यास हॉलमध्ये होत असेल तर तिला भिंतीला घडी होणारी फळी द्या, आणि तिची पाठ टीव्हीकडे ठेवा.

सहावी पायरी : संध्याकाळचा आवाज

सात ते नऊची भांडणं बहुतेक आवाजाची असतात. वयाबरोबर कमी होणारं ऐकू येणं आधी वरच्या पट्टीत कमी होतं, आणि शब्द वेगळे ओळखू येतात ते स, श, त, फ अशा व्यंजनांमुळे, ज्यांचा आवाज त्याच पट्टीत असतो. म्हणून आजोबा म्हणतात, "आवाज येतो, पण काय बोलतात ते कळत नाही." आवाज वाढवला की सगळंच वाढतं, शब्द मात्र फारसे स्पष्ट होत नाहीत, आणि शेजारच्या खोलीपर्यंत बातम्या ऐकू जातात.

आधी टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय आहे का ते बघा, बऱ्याच टीव्हींमध्ये असतो. मग आवाज माणसाजवळ आणा. आजोबांच्या खुर्चीजवळ छोटा स्पीकर किंवा टीव्हीसाठीचा बिनतारी हेडफोन. घेताना दोन गोष्टी तपासा. हेडफोन लावल्यावर टीव्हीचा आवाज बंद होतो की दोन्ही एकदम चालतात? आणि ओठ हलल्यानंतर आवाज उशिरा येतो का? उशीर होत असेल तर ओठ वाचणाऱ्या माणसाला तो हेडफोन उपयोगाचा नाही.

गुळगुळीत फरशी, काच आणि मोकळ्या भिंती असलेला हॉल घुमतो आणि गोंगाटात शब्द आणखी विरतात. खिडकीला जाड पडदा, कोपऱ्यातली सतरंजी, एखादं भरलेलं पुस्तकांचं कपाट एवढ्याने फरक जाणवतो. टाळी वाजवून बघा. टाळीनंतर शेपटासारखा आवाज रेंगाळत असेल तर कापड कमी पडतंय.

सातवी पायरी : उजेड

साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. त्यामुळे आई-बाबांना पुरेसा वाटणारा उजेड आजोबांना अपुरा असतो. उपाय म्हणजे छताला आणखी मोठा दिवा नव्हे. झगझगीत दिवा चकचकीत फरशीवर पडला की तिथे पाणी सांडल्यासारखं दिसतं आणि वयस्कर पाऊल दचकतं. आजोबांच्या खुर्चीमागे भिंतीवर, खांद्याच्या जरा वर, हलवता येणारा झाकलेला दिवा लावा. उभा दिवा नको, त्याची वायर आणि तो स्वतः दोन्ही धोक्याचे.

रात्रीसाठी वाटेवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, हालचाल ओळखून लागणारे दोन छोटे पिवळसर दिवे. एक खुर्च्यांजवळ, एक पॅसेजच्या तोंडाशी.

आठवी पायरी : दोन वयं भेटतात तिथले धोके

आजी-आजोबांच्या हाताशी जे हवं तेच नेमकं नातवाच्याही हाताशी येतं. मधल्या त्या छोट्या टेबलावर एकदा सगळं मांडून बघा: गोळ्यांचा डबा, कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या, गरम चहाचा कप, चष्मा.

औषधं या टेबलावर ठेवायचीच नाहीत. ती वरच्या बंद कपाटात, आणि दिवसाच्या गोळ्या वेळेला काढून द्यायच्या. कानाच्या यंत्राच्या आणि रिमोटच्या गोल चपट्या बॅटऱ्यांबद्दल घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. मुलाने अशी बॅटरी गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. शंका जरी आली तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, लगेच रुग्णालयात न्यायचं. जुनी बॅटरी काढली की तीही टेबलावर ठेवायची नाही, कारण वापरलेली बॅटरीही घातक असते. रिमोटचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर त्यावर पट्टी चिकटवा. चहासाठी रुंद बुडाचा, झाकणाचा कप. पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या मुलाच्या गळ्यात अडकू शकतात, त्या वर गुंडाळून हुकाला बांधा.

नववी पायरी : आठ दिवसांनी पुन्हा कागद काढा

सामान हलवण्याआधी सगळी मांडणी चिकटपट्टीने आणि वर्तमानपत्रांनी जमिनीवर आखून एक दिवस तसंच वावरा. मग सामान हलवा. एका सकाळी हलवा, संध्याकाळी नको, म्हणजे ज्येष्ठांना नवी वाट उजेडात पायाखाली घालता येईल. पहिल्या रात्री त्यांच्याबरोबर एकदा बाथरूमपर्यंत चालून या.

आठ दिवसांनी तोच चार रकान्यांचा कागद भरा. आजोबा झोका न घेता उठतात का? काठी हुकावर असते की पुन्हा सोफ्याला टेकवलेली? काठी जिथे टेकवली जाते तिथे हुक हलवा, माणसाला हलवू नका. सतरंजीची एखादी कड सारखी दुमडत असेल तर लोक तिथून जात आहेत, म्हणजे वाट आखल्याप्रमाणे वापरली जात नाहीये. वाटेत रोज संध्याकाळी तीच एक वस्तू सापडत असेल, दप्तर किंवा चपला, तर तिला दाराजवळ जागा नाही असा अर्थ घ्या. या घरात दप्तरच होतं. मुख्य दारामागे मुलीच्या खांद्याच्या उंचीवर एक खुंटी ठोकली आणि ते वाटेतून गेलं.

हॉल याहून लहान, समजा दहा बाय बारा फुटांचा असेल तर हा सगळा पसारा बसणार नाही. मग काय सोडायचं त्याचा क्रम ठेवा. आधी टीपॉय, मग सोफ्याची एक जागा, मग टीव्हीखालचं कपाट. वाट तीन फुटांवरून कमी करायची वेळ आली तर ती सगळ्यात शेवटी, आणि तेही जिथे वळण नाही तिथेच.

मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला की सोफ्याशेजारचं कपाट काढून ती फट मोकळी करता येईल. आजोबांचं गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं तर मात्र खुर्चीची उंची पुन्हा मोजावी लागते. फिजिओथेरपिस्टने सांगितलेली उंची बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त असते, आणि माणूस घरी यायच्या आधीच ठोकळे बसवून ठेवलेले बरे.